बुधवारी बोललेला ‘पुढचा शुक्रवार’ नेमका कोणता?

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या धुवायच्या होत्या. सेक्रेटरी मी असल्यामुळे फोन मलाच करावा लागला. तारीख होती ४ जून २०२५, वार बुधवार. टाकी धुणाऱ्या माणसाशी बोलणं झालं ते असं:

“सर, पुढच्या शुक्रवारी येतो. सकाळी.”
“चालेल. नक्की ना?”
“नक्की.”

मी लगेच खाली जाऊन फलकावर सूचना लावली: ‘पुढच्या शुक्रवारी टाक्या धुण्यात येणार असल्याने पाणी भरून ठेवावे.’ माझ्या डोक्यात १३ तारीख होती. ६ तारखेला सकाळी साडेसातला वॉचमनचा फोन आला, टाकीवाले आलेत. बघतो तर दोन माणसं पंप, ब्रश, ब्लीचिंग पावडर घेऊन दारात उभी आणि खालची टाकी काठोकाठ भरलेली. धुण्याआधी आदल्या संध्याकाळी वरून येणारं पाणी बंद करून टाकी वापरूनच रिकामी करायची असते. एवढं पाणी गटारात सोडणं मला जमेना आणि थांबणं त्यांना जमेना. निम्मी मजुरी देऊन त्यांना परत पाठवलं. वर कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांनी माझी सूचना वाचून गुरुवारी रात्रीच पिंपं, बादल्या भरून ठेवल्या होत्या. म्हणजे माझं तेच वाक्य वाचून या दोन घरांनी ६ तारीख काढली, बाकीच्यांनी माझ्यासारखी १३.

चूक कोणाची यावर त्या दिवशी बराच वाद झाला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की त्याचंही बरोबर होतं आणि माझंही.

दोघं दोन वेगळ्या हिशोबांनी मोजत असतात

‘पुढचा’ या शब्दाचे मराठीत दोन हिशोब चालतात. पहिला हिशोब रांगेचा. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन दादर’ असं ऐकलं की आपण पुढच्या पहिल्या थांब्याला उतरायची तयारी करतो. एक स्टेशन सोडून त्याच्यानंतरचं, असा अर्थ कोणीच काढत नाही. रांगेत ‘पुढचा नंबर कोणाचा’ म्हटलं की आता ज्याची पाळी आहे तोच पुढे होतो. या हिशोबाने बुधवारी उभं राहून पुढे पाहिलं की पहिला लागणारा शुक्रवार म्हणजे पुढचा शुक्रवार. तो ६ जून.

दुसरा हिशोब आठवड्याचा: हा आठवडा आणि पुढचा आठवडा. ‘पुढचा महिना’, ‘पुढचं वर्ष’ म्हणताना आपण हाच वापरतो. चालू असलेलं एक सोडायचं आणि नंतरचं धरायचं. या हिशोबात चालू आठवड्याचा शुक्रवार ‘हा’ आणि त्यानंतरच्या आठवड्याचा ‘पुढचा’. म्हणजे १३ जून.

टाकीवाल्याच्या वहीत बुधवार आणि गुरुवार भरलेले होते. त्याला मोकळा असलेला पुढचा दिवस शुक्रवार. तो रांगेने मोजत होता. मी आठवड्याने मोजत होतो. ‘नक्की ना’ विचारून मी फक्त एवढंच पक्कं केलं की तो येणार आहे. कधी येणार, हे दोघांनीही आपापल्या मनात ठरवून टाकलं होतं.

यातली गंमत अशी की ‘या शुक्रवारी’ म्हटलं असतं तर बुधवारी भांडण झालंच नसतं. रांगेने मोजा की आठवड्याने, या शुक्रवारी म्हणजे ६ तारीख. ‘येत्या शुक्रवारी’ तर त्याहून पक्कं, कारण येणारा पहिलाच ना. ऑफिसात जे ‘कमिंग फ्रायडे’ म्हणतात तेही या घरातलंच. सगळा घोळ ‘पुढच्या’ आणि ‘नेक्स्ट’ या दोन शब्दांपाशी आहे. आणि ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणून इंग्रजीत गेलं की सुटका होते असं समजू नका, तिथेही मूळ इंग्रजी बोलणाऱ्या लोकांमध्ये नेमका हाच वाद आहे.

सगळे वार सारखे फसवत नाहीत

बुधवारी बोलताना कोणता वार घोटाळा करतो आणि कोणता नाही, हे एकदा मनात बसलं की पुष्कळ काळजी वाचते. बुधवार ४ जूनलाच कोणी ‘पुढच्या सोमवारी’ म्हणालं तर काय? चालू आठवड्याचा सोमवार, २ तारीख, होऊन गेला. पुढे पहिला येणारा सोमवार ९ तारखेचा आणि पुढच्या आठवड्याचा सोमवारही ९ तारखेचाच. दोन्ही हिशोब एकाच तारखेवर येऊन थांबतात. मंगळवारचं तेच, १० तारीख. बुधवारी ‘पुढच्या बुधवारी’ म्हटलं तरी ११ तारखेशिवाय दुसरं काही निघत नाही.

हिशोब फुटतात ते या आठवड्यात अजून यायच्या वारांसाठी: गुरुवार, शुक्रवार, शनिवार. त्यातही गुरुवारला आपण सहसा ‘उद्या’ म्हणतो, म्हणून तो सुटतो. शुक्रवार मात्र बरोबर कात्रीत सापडतो. एकाच वाक्यात ‘पुढच्या सोमवारी साहित्य येईल आणि पुढच्या शुक्रवारी काम सुरू करू’ असं कोणी म्हणालं तर पहिला ‘पुढच्या’ निर्धास्त घ्यायचा आणि दुसऱ्यापाशी थांबून विचारायचं. रविवारही जरा सांभाळूनच घ्यावा. आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, हे प्रत्येकाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि सवयीवर आहे, त्यामुळे ‘पुढच्या रविवारी’ म्हणजे ८ की १५ यावर चांगली शिकलेली माणसंही भांडतात.

शुक्रवारच्या बाबतीत आठवडा कुठून सुरू होतो याने साधारणपणे फरक पडत नाही. आठवडा शनिवारी सुरू धरा, रविवारी धरा की सोमवारी, बुधवार आणि त्याच्या पाठोपाठचा शुक्रवार एकाच आठवड्यात येतात. एक अपवाद मात्र मला माहीत आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या माणसाचा आठवडा सुट्टीने संपतो आणि शुक्रवारी सकाळी पहिल्या पाळीला सुरू होतो. अशा माणसाने बुधवारी ‘पुढच्या आठवड्यात शुक्रवारी देतो’ म्हटलं तर तो परवाबद्दल बोलत असू शकतो, आणि तेही आठवड्याचाच हिशोब करून. वर्कशॉपमध्ये सुटा भाग करायला टाकला असेल तर एवढं ध्यानात असू द्या.

ऐकणाऱ्याने काय करावं

आधी स्वतःलाच एक प्रश्न विचारा: हा माणूस ‘परवा’ का म्हणाला नाही? बुधवारी बोलताना येणाऱ्या शुक्रवारसाठी मराठीत परवा हा आयता शब्द आहे. तो हाताशी असताना कोणी मुद्दाम ‘पुढच्या शुक्रवारी’ एवढं लांब बोलतो, म्हणजे बहुधा त्याला परवाचा दिवस म्हणायचा नाही. त्यामुळे विचारायला मिळालंच नाही तर बुधवारच्या ‘पुढच्या शुक्रवारी’चा अर्थ मी अजूनही नऊ दिवसांनंतरचाच लावतो. पण हा अंदाज आहे, खात्री नाही. टाकीवाला माझा अंदाज खोटा ठरवून गेलाच. जे लोक वारांच्या वहीत कामं लिहितात, त्यांच्या तोंडी परवापेक्षा वारच आधी येतो.

खात्री करायची तर तारीख विचारायची, आणि ती समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायची. “म्हणजे पुढच्याच शुक्रवारी ना?” हा प्रश्न वाया जातो, कारण दोघांचाही ‘पुढचा’ आपापल्या जागी शाबूत राहतो आणि उत्तर ‘हो’ येतं. “म्हणजे सहा तारखेला ना?” हा जरा बरा, तरी घाईत असलेला माणूस कॅलेंडर न बघता ‘हो हो’ म्हणून फोन ठेवतो. सगळ्यात चांगला प्रश्न ज्याला हो किंवा नाही म्हणताच येत नाही तो:

“दादा, शुक्रवारी तारीख किती येते हो?”

आता त्याला मोजावं लागतं. तो म्हणेल “सहा” किंवा म्हणेल “तेरा”, आणि तिथल्या तिथे सगळं उघडं पडतं. मी त्या दिवशी हे सहा शब्द विचारले असते तर निम्मी मजुरी वाचली असती.

वयस्कर माणसांना किंवा तारखांचा फारसा वापर नसणाऱ्यांना तारीख विचारली की कधीकधी गोंधळायला होतं. तिथे मधे घडणाऱ्या एखाद्या गोष्टीचा खुंटा वापरा. “आजी, रविवारी सुमनचं केळवण आहे ना, त्याच्या आधीचा शुक्रवार की नंतरचा?” केळवण, आठवडी बाजार, पगार, शाळा उघडण्याचा दिवस, असं काहीही चालतं. अट एकच, की तो प्रसंग दोन्ही शुक्रवारांच्या मधे पडला पाहिजे. दोन्हींच्या आधीचा किंवा दोन्हींच्या नंतरचा खुंटा घेतला तर उत्तर मिळूनही काही कळत नाही.

बोलणाऱ्याने काय करावं

६ जून सांगायचा असेल तर: “परवा, शुक्रवारी, सहा तारखेला.” तीन वेळा सांगितल्यासारखं वाटतं, पण एवढं बोलायला दोन सेकंद लागतात.

इथे नुसतं ‘परवा’ मात्र पुरत नाही, कारण परवा मागेही जातो. बुधवारी परवा म्हणजे शुक्रवारही आणि होऊन गेलेला सोमवारही. क्रियापद असलं की अडचण नसते: ‘परवा येतो’ आणि ‘परवा आलो होतो’ यात कोणी चुकत नाही. क्रियापद गळालं की पंचाईत. ‘परवाच्या मीटिंगचे कागद पाठव’ असा निरोप बुधवारी आला तर सोमवारी झालेल्या मीटिंगचं इतिवृत्त पाठवायचं की शुक्रवारी होणाऱ्या मीटिंगची विषयपत्रिका? शिवाय ‘अगदी परवापरवापर्यंत’ म्हणताना तर आपण वर्षंसुद्धा परवात बसवतो. म्हणून परवाच्या शेजारी वार हवाच.

१३ जून सांगायचा असेल तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरातलं वाक्य आहे: “येता शुक्रवार सोडून पुढच्या शुक्रवारी, तेरा तारखेला.” ‘हा नाही, त्याच्या पुढचा’ हेही तेच. यात ‘पुढच्या’ तोच आहे, पण तो कोणाच्या पुढचा हे आधी सांगून टाकलंय, त्यामुळे रांगेने मोजणाराही तिथेच पोचतो. गडबडीत वाक्याचा पहिला भाग ऐकूच आला नाही तरी तारीख शेवटी आहेच.

‘आठ दिवसांनी’ वापरताना जरा थांबा. आपण बोलताना आठ दिवस म्हणजे एक आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे धरतो, कारण सुरुवातीचा दिवसही मोजतो. बुधवार ४ तारखेला ‘आठ दिवसांनी ये’ म्हटलं तर माणूस बुधवारी ११ तारखेला येतो, १२ ला नाही. ‘शुक्रवारपासून आठ दिवसांनी’ म्हणजे घरात १३ तारीख. पण नोटीस, करार, सरकारी पत्र यांत पहिला दिवस सहसा सोडून मोजतात, आणि तसं मोजलं तर १४ निघते. घरात बोलायला आठ दिवस छान आहेत. पैसे किंवा मुदत अडकली असेल तिथे तारीखच लिहावी.

लिहिताना

बोललेलं वाक्य बुधवारी बोललं हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. लिहिलेलं वाक्य कधी वाचलं जाईल याचा नेम नसतो. फलकावर लावलेली माझी सूचना सोमवारी गावाहून परतलेल्या माणसाने वाचली तर त्याच्यासाठी ‘या शुक्रवारी’ म्हणजेही १३ तारीखच होते. मोबाइलवर फिरत राहणारा निरोप तर कोणत्या बुधवारचा हेच कळत नाही. त्यामुळे कागदावर आणि फोनवर ‘या’, ‘पुढच्या’, ‘उद्या’, ‘परवा’ एकट्याने जाऊ द्यायचे नाहीत.

लग्नपत्रिकेत वार आणि तारीख दोन्ही छापायची आपली पद्धत आहे, ती इथे कामाला येते. दोन्ही लिहिल्याने एकावर दुसऱ्याचा पहारा बसतो. ‘शुक्रवार, १२ जून २०२५’ असं कुठे दिसलं की लगेच कळतं, काहीतरी चुकलंय, कारण त्या वर्षी १२ जूनला गुरुवार होता. नुसती तारीख असती तर चूक पकडली गेली नसती. अशी विसंगती दिसली की त्यातलं आपल्याला सोयीचं ते खरं धरायचं नाही, विचारायचं.

खरं तर ४ तारखेला मी सूचना अशी लावायला हवी होती:

‘पाणी बंद: शुक्रवार, दि. १३ जून २०२५, सकाळी ७ ते दुपारी ३. परवाच्या शुक्रवारी, दि. ६ जून रोजी, पाणी नेहमीप्रमाणे सुरू राहील. सूचना लावल्याचा दिवस: बुधवार, ४ जून.’

यातलं मधलं वाक्य लोकांना फालतू वाटतं, पण खरं काम तेच करतं. कोणता शुक्रवार आहे हे सांगण्याइतकंच कोणता नाही हे सांगितलं, की आपल्याच हिशोबात बुडालेला वाचणारा दचकून भानावर येतो.

अमेरिकेतल्या मुलाशी, बहिणीशी बोलताना आणखी एक पेच पडतो. कॅलिफोर्नियात जूनमध्ये बुधवारी रात्री नऊ वाजता ती ‘परवा फोन करते’ म्हणते तेव्हा पुण्यात गुरुवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले असतात. तिचा परवा शुक्रवार, आपला शनिवार. अशा वेळी वार, तारीख आणि ‘तुमच्याकडचा’ की ‘आमच्याकडचा’, तिन्ही बोलायचं.

संगणक कोणाच्या बाजूने?

आमच्या वादात एका सभासदाने ‘मशीनला विचारू’ म्हणून लॅपटॉप काढला होता. लिनक्सवरची नेहमीची `date` आज्ञा बुधवारी अशी चालवून बघा:

```
date -d "this friday"
date -d "next friday"
```

दोन्हींचं उत्तर एकच येतं: परवाचा शुक्रवार. ती आज्ञा रांगेने मोजते. आजचाच दिवस शुक्रवार असेल तेव्हा मात्र पहिली आजची तारीख देते आणि दुसरी सात दिवसांनंतरची. म्हणजे टाकीवाल्याची बाजू जिंकली असं त्या सभासदाने जाहीर केलं. पण मशीनने फक्त तिच्यात लिहिलेला एक नियम पाळला, समोरच्या माणसाच्या मनात काय होतं ते तिला कुठून कळणार? यातून घ्यायचं ते एवढंच: आठवणीच्या ॲपमध्ये किंवा कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ‘नेक्स्ट फ्रायडे’ टाइप करून मोकळं होऊ नका. नोंद झाल्यावर तिथे कोणती तारीख पडली आहे ती डोळ्यांनी बघा.

आणि विचारायचं राहूनच गेलं तर

बुधवारी बोलणं झालं, फोन ठेवला, रात्री शंका आली, समोरचा उचलत नाही. अशा वेळी अंदाज १३ चा असला तरी तयारी मात्र आधीचा शुक्रवार धरून करावी. ६ तारखेला तयार राहिलात आणि माणूस १३ ला आला तर एक सकाळ वाया जाते. १३ धरून बसलात आणि तो ६ ला आला तर काम, मजुरी आणि संबंध, तिन्ही बिघडतात. अपवाद अशा कामांचा, जिथे तयारीलाच मोठा खर्च आहे, जसं की पन्नास माणसांचा स्वयंपाक. तिथे तयारी करायची नाही, माणूस गाठायचा.

गाठायला गुरुवारची सकाळ सगळ्यात चांगली, कारण गुरुवारी शुक्रवारचा ‘उद्या’ झालेला असतो आणि परवासारखा तो मागे जात नाही. मी आता दर अशा कामाच्या वेळी गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास एकच वाक्य बोलतो: “उद्या येताय, की उद्याचा सोडून पुढच्या शुक्रवारी?” गेल्या महिन्यात त्याच टाकीवाल्याला हे विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “सर, तुमच्यासाठी आता तारीखच लिहून ठेवतो.”